परतावा नेमका कुठे थांबलाय, ते तिकीट काढणाऱ्याला सांगा

प्रति,
एसटी महामंडळाच्या ऑनलाईन आरक्षणाचं काम पाहणारे अधिकारी,
खासगी बसची तिकिटं विकणाऱ्या ॲप आणि संकेतस्थळांचे चालक,
त्यांच्यासाठी पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट कंपन्या,
आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचा पेमेंट विभाग

महोदय,

तिकीट रद्द झालं की आपल्याकडून ग्राहकाच्या मोबाईलवर एक ठरलेलं वाक्य येतं: ‘आपली रक्कम ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत जमा होईल.’ हे वाक्य वाचून माणूस माझ्याकडे येतो. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात, त्वरिता देवीच्या गावात, माझं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सातबारा आणि पीकविम्याचे अर्ज भरता भरता मी बसची तिकिटंही काढून देतो. आमच्या भागातली बरीच पोरं पुण्याला, चाकणला, मुंबईला कामाला आहेत. दिवाळीला त्यांना गावी यायचं असतं, आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गावातून बाहेर पडत असतात. त्या दिवसांत तिकिटं काढणं जितकं चालतं, तितकंच रद्द करणंही चालतं.

दुकान सुरू करण्याआधी काही वर्षं मी पुण्यात एका पेमेंट कंपनीत हिशेब जुळवण्याच्या टेबलावर होतो. कोणता पैसा कोणत्या फाईलमधून कुठे गेला, हे शोधणं हेच माझं काम होतं. म्हणून आपल्याला लिहितोय. परतावा उशिरा का येतो याला खरी कारणं आहेत आणि ती मला माहीत आहेत. तो कुठे अडकलाय हे आपल्याला दिसतं, हेही मला माहीत आहे. ते ग्राहकाला का दिसू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी कारणं मांडतो, कारण ती आपल्यापैकी कुणीही ग्राहकाला सांगत नाही.

कार्डाने तिकीट काढताना चार-पाच सेकंदांत खात्यातून रक्कम वजा होते. ग्राहकाला वाटतं, पैसे बस कंपनीकडे पोहोचले. प्रत्यक्षात त्या सेकंदांत झालेलं असतं ते एवढंच: बस कंपनीच्या पेमेंट कंपनीमार्फत तिच्या बँकेने विचारलं, रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तो प्रश्न ग्राहकाच्या बँकेकडे गेला, आणि त्या बँकेने खातं पाहून ‘हो’ म्हटलं. ग्राहकाच्या बँकेने रक्कम बाजूला काढली. खरा पैसा नंतर हलतो. दिवसभराचे असे सगळे व्यवहार बस कंपनीच्या बँकेच्या फाईलमध्ये चढतात, ती फाईल जाळ्याकडे जाते आणि मग बँकांमध्ये देणंघेणं फिटतं. होकार लगेच मिळतो, पैसा मागाहून जातो.

परताव्याला बऱ्याचदा असा झटपट होकार नसतोच. पैसे परत देताना कुणाची परवानगी घ्यायची नसते, त्यामुळे तो प्रश्नोत्तराचा टप्पा गाळला जातो आणि परतावा थेट फाईलच्या मार्गाने जातो. बस कंपनीची यंत्रणा पेमेंट कंपनीला हुकूम देते. पेमेंट कंपनी तो आपल्या बँकेला देते. बँक तो पुढच्या फाईलमध्ये चढवते. जाळं ती फाईल ग्राहकाच्या बँकेकडे पोहोचवतं, आणि ग्राहकाची बँक ती उघडून त्यातली रक्कम ज्याच्या-त्याच्या खात्यावर टाकते. प्रत्येक टप्प्यावर फाईल बंद होण्याची एक वेळ असते. रात्री आठला फाईल बंद होत असेल आणि आपला हुकूम नऊला आला, तर तो दुसऱ्या दिवसाच्या फाईलमध्ये जातो. कुणी मुद्दाम पैसा दाबून ठेवला नाही, तरी तीन-चार दिवस असेच जातात.

यूपीआयचं थोडं निराळं आहे. तिथे पैसे देताना समोरच्याच्या खात्यात रक्कम लगेच जमा होते, म्हणून लोकांना वाटतं की परतही तशीच लगेच यायला हवी. पण झालेला यूपीआय व्यवहार उलटा फिरवता येत नाही. परतावा म्हणजे बस कंपनीच्या बाजूने ग्राहकाच्या खात्यावर पाठवलेला एक नवा व्यवहार असतो. तो पाठवायच्या दोन तऱ्हा आहेत. पेमेंट कंपनीने तो थेट ऑनलाईन पाठवला, तर काही मिनिटांत पोहोचतो. त्या क्षणी ग्राहकाच्या बँकेची यंत्रणा बंद असली, किंवा पेमेंट कंपनीने परतावे एकत्र करून बँकेच्या फाईलमार्फत पाठवायची पद्धत ठेवली असली, तर त्यालाही दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे यूपीआयच्या परताव्याला लागणारा वेळ बऱ्याच अंशी पेमेंट कंपनीने निवडलेल्या मार्गावर ठरतो. ग्राहकाला या निवडीचा पत्ताही नसतो.

आता एक उदाहरण तारखांसकट सांगतो. २०२५ची दिवाळी उरकून पुण्याला परत निघालेल्या गावच्या दोघा चुलतभावांची तिकिटं एकाच खासगी बसची होती. गुरुवारी, ६ नोव्हेंबरला रात्री नऊच्या सुमारास बस कंपनीने फेरीच रद्द केली. थोरल्याने तिकीट यूपीआयने काढलं होतं, धाकट्याने डेबिट कार्डाने. दोघांनाही एकाच वेळी एकच संदेश आला, ५ ते ७ दिवसांचा. थोरल्याचे पैसे शुक्रवारी दुपारी खात्यात आले. धाकट्याचे आले नाहीत, आणि बस कंपनीने भावाला दिले पण आपल्याला फसवलं अशी त्याची समजूत झाली.

धाकट्याचा परतावा शुक्रवारी सकाळी पेमेंट कंपनीकडे गेला आणि शुक्रवारी रात्रीच्या फाईलमध्ये चढला. शनिवार ८ नोव्हेंबर हा महिन्यातला दुसरा शनिवार, त्यानंतर रविवार. संगणक चालू असले तरी फाईलमधली अडलेली नोंद सोडवणारी माणसं या दोन दिवशी टेबलावर नसतात. सोमवारी फाईल त्याच्या बँकेकडे पोहोचली, आणि बुधवारी, १२ तारखेला रक्कम खात्यावर दिसली. सहा दिवस. आपल्या ५ ते ७च्या हिशेबात तो परतावा वेळेत बसला. पण त्या सहा दिवसांत तो पोरगा बँकेच्या शाखेत गेला, तिथल्या साहेबांनी ‘आमच्याकडे काही आलेलं नाही, ॲपवाल्यांना विचारा’ म्हणून सांगितलं. ॲपवर विचारलं तर ‘आम्ही रक्कम पाठवली आहे, बँकेला विचारा’ असं उत्तर आलं. दोघंही खोटं बोलत नव्हते. पैसा दोघांच्या मधल्या फाईलमध्ये होता, आणि ते सांगायची सोय दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

सोय नव्हती म्हणतो तेव्हा मला नेमकं एका आकड्याबद्दल बोलायचं आहे. कार्डाचा परतावा फाईलमध्ये चढला की त्याला तेवीस आकडी क्रमांक मिळतो. आमच्या टेबलावर त्याला एआरएन म्हणायचे. हा क्रमांक वाचता येतो. पहिला आकडा नुसता प्रकार सांगतो. पुढचे सहा आकडे बस कंपनीच्या बाजूची बँक कोणती ते सांगतात. त्यानंतरचे चार आकडे तारीख सांगतात: पहिला वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस. धाकट्याच्या क्रमांकात तिथे `5311` होतं. २०२५चा ३११वा दिवस, म्हणजे ७ नोव्हेंबर. उरलेले आकडे त्या फाईलमधल्या नोंदीची ओळख असतात. हा क्रमांक घेऊन माणूस आपल्या बँकेच्या कार्ड विभागाकडे गेला, तर तो विभाग नेमकी ती नोंद शोधू शकतो. ती मिळाली नाही, तर अडचण जाळ्याच्या अलीकडे, म्हणजे पेमेंट कंपनीच्या बँकेकडे आहे हे कळतं. मिळाली आणि खात्यावर टाकलेली नसली, तर अडचण ग्राहकाच्या बँकेकडे आहे. एका क्रमांकाने जबाबदार कोण ते ठरतं.

यूपीआयला बारा आकडी आरआरएन असतो. कुणी त्याला यूटीआर म्हणतं. इथे लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. ग्राहकाच्या मोबाईलमध्ये जो आरआरएन दिसतो तो पैसे दिल्याच्या व्यवहाराचा. परताव्याचा आरआरएन वेगळा असतो, कारण तो नवा व्यवहार आहे. जुना क्रमांक घेऊन बँकेत गेलं, तर बँक म्हणते, ‘हा व्यवहार यशस्वी झालेला आहे,’ आणि तिचं म्हणणं बरोबरच असतं. बँकेत जायचं तर परताव्याचा क्रमांक हवा, आणि तो पेमेंट कंपनीने दिल्याशिवाय कुणाला मिळत नाही. या बारा आकड्यांतले पहिले चारही बऱ्याचदा वर्ष आणि दिवस सांगतात, त्यामुळे परतावा नक्की कधी निघाला याचा अंदाज लागतो.

धाकट्याचा एआरएन मला मिळाला तो पेमेंट कंपनीतल्या जुन्या ओळखीतून. ग्राहकाला तो मिळायला हवा होता फाईल गेल्यानंतरच्या संदेशातच. आपल्या ॲपवर `Refund processed` असा शब्द हिरव्या अक्षरांत येतो. तलवाड्यातला माणूस त्याचा अर्थ ‘पैसे मिळाले’ असा घेतो. आपल्या लेखी त्याचा अर्थ ‘आम्ही पेमेंट कंपनीला कळवलं’ एवढाच असतो. कळवलं आणि पोहोचलं यांच्यात आठवडा असू शकतो, आणि तो आठवडा ग्राहक हातातल्या हिरव्या अक्षरांकडे आणि रिकाम्या पासबुकाकडे बघत काढतो.

याच्या उलट प्रकारही मी पाहतो. परतावा येऊन आठ दिवस झालेले असतात आणि माणूस तरीही शोधत असतो. कारण पासबुकात बस कंपनीचं नाव नसतं, पेमेंट कंपनीचं असतं, तेही अर्धवट छापलेलं. शिवाय रक्कम जुळत नाही. ग्राहकाने स्वतः तिकीट रद्द केलं तर रद्द करण्याची वजावट जाते, आणि सुविधा शुल्क तर बहुतेक ठिकाणी परत मिळतच नाही. साडेनऊशे रुपये गेले आणि आठशे दहा आले, तर ती नोंद आपल्या तिकिटाची आहे हे ओळखायचं कसं? वजावट किती झाली आणि पासबुकात कोणतं नाव दिसेल, या दोन गोष्टी रद्द करतानाच सांगितल्या, तर माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी कितीतरी जण येणारच नाहीत.

आता मुख्य तक्रार. आपलं ५ ते ७ दिवसांचं वाक्य तीन वेगळ्या घटनांना सरसकट लावलं जातं, आणि त्या तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली घटना: खात्यातून पैसे गेले, पण पैसे मिळाल्याची खबर बस कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही, तिकीट निघालं नाही. हा फसलेला व्यवहार. यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. कार्डाने ऑनलाईन दिलेले पैसे असोत की यूपीआयने दुकानदाराला दिलेले, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नाहीत. पाच दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. त्याच परिपत्रकात असंही आहे की उलटवलेला पैसा ग्राहकाच्या बँकेकडे ज्या दिवशी पोहोचेल, त्याच दिवशी तो खात्यात जमा व्हायला हवा. फसलेल्या व्यवहाराला ‘५ ते ७ कामकाजाचे दिवस’ असं उत्तर देणं म्हणजे नियमातल्या मुदतीच्या जागी आपली मुदत बसवणं. रविवार आणि सुट्ट्या धरल्या तर सात कामकाजाचे दिवस सहज नऊ-दहा होतात. शंभर रुपये रोजाची गोष्ट तर कुणी काढतच नाही.

दुसरी घटना फसवी आहे. पैसे गेले, खबर पोहोचली, पण उशिरा. तोवर सीट धरून ठेवण्याची मिनिटं संपली आणि ती सीट दुसऱ्याला गेली. गेवराईच्या बाहेर रेंज गेली की हे हमखास घडतं. बँकेच्या दृष्टीने हा व्यवहार यशस्वी आहे, कारण पैसे दुकानदाराला मिळाले. ग्राहकाच्या दृष्टीने फसलेला आहे, कारण तिकीट नाही. घाबरून तो पुन्हा पैसे भरतो, आणि एका तिकिटाचे दोनदा पैसे जातात. बँकेत तक्रार केली तर बँक यशस्वी व्यवहार दाखवते. इथे परतावा बस कंपनीच्या बाजूने निघायला हवा, आणि तो काढण्यासाठी कुणीतरी दोन याद्या जुळवायला हव्यात: पैसे आलेल्या व्यवहारांची आणि निघालेल्या तिकिटांची. ही जुळवाजुळव रोज रात्री करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि आठवड्यातून एकदा करणाऱ्याही आहेत. ग्राहकाला कळायला हवं ते हे की आपल्याकडे ती कधी होते.

तिसरी घटना म्हणजे रीतसर निघालेलं तिकीट रद्द होणं. इथे २०१९चं परिपत्रक लागू होत नाही, कारण व्यवहार फसलेलाच नाही. मुदत असते ती बस कंपनीच्या स्वतःच्या अटींमध्ये. त्या अटी कोणत्या दिवसापासून मोजायच्या, हेही बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. तिकीट रद्द केल्यापासून, बस कंपनीने मंजुरी दिल्यापासून, की पेमेंट कंपनीने फाईल पाठवल्यापासून? मंजुरीलाच चार दिवस गेले, तर ५ ते ७ची मोजणी पाचव्या दिवशी सुरू होते, आणि ग्राहक मात्र पहिल्या दिवसापासून मोजत असतो.

या तिसऱ्या प्रकारात उशिराचं आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही. बऱ्याच ठिकाणी परतावा दिला जातो तो बस कंपनीच्या त्या दिवशी जमा झालेल्या विक्रीतून. पेमेंट कंपनीकडे दिवसभरात विक्रीचे पन्नास हजार आले आणि परताव्याचे दहा हजार निघाले, तर ती उरलेले बस कंपनीला देते. रोजच्या दिवशी हे व्यवस्थित चालतं. पण ज्या दिवशी नवी विक्री बंद आणि सगळीच तिकिटं रद्द, त्या दिवशी परताव्यांना पैसाच शिल्लक नसतो. ते रांगेत थांबतात, आणि बस कंपनी वरून पैसे भरेपर्यंत थांबून राहतात. स्क्रीनवर तेव्हाही ‘५ ते ७ दिवस’च असतं.

असे दिवस आमच्या जिल्ह्याला नवीन नाहीत. २०२१च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. ३० ऑक्टोबर २०२३ला बीडमध्ये जाळपोळ झाली आणि जिल्ह्यातल्या बस बंद ठेवाव्या लागल्या, दिवाळी दोन आठवड्यांवर असताना. सप्टेंबर २०२५मध्ये अतिवृष्टीने सिंदफणा आणि गोदाकाठच्या गावांचे रस्ते तुटले. अशा वेळी प्रवाशाला दुसरी गाडी बघायची असते, तिचे पैसे द्यायचे असतात, आणि पहिल्या तिकिटाचे हजार रुपये मध्येच कुठेतरी पडून असतात. बीड जिल्ह्यात कितीतरी घरांच्या ठेवी मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये अडकल्या आहेत. ‘पैसे येतील, थांबा’ हे वाक्य इथल्या माणसाने फार ऐकलंय, आणि ते ऐकलं की त्याच्या पोटात गोळा येतो. बस कंपन्यांची तुलना मी पतसंस्थांशी करत नाही. पण मोघम आश्वासनाचा इथे काय अर्थ होतो, हे आपल्याला ठाऊक असावं.

माझ्यासारख्या दुकानातून काढलेल्या तिकिटांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. आजी येतात, रोख पैसे देतात, आणि मी माझ्या यूपीआयने तिकीट काढतो. परतावा ज्या साधनाने पैसे भरले त्यावरच द्यायचा, ग्राहकाने दुसऱ्या साधनाला संमती दिली असेल तरच निराळं, असा पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२०पासूनचा नियम आहे. नियम चांगला आहे, चोरीला आळा बसतो. पण त्यामुळे आजींचे पैसे माझ्या खात्यात येतात, आणि ते आले की नाही हे फक्त मला कळतं. मी सांगेन तेव्हा त्या येणार. पुण्यातल्या भाच्याने काढून दिलेल्या तिकिटाचंही तेच. प्रवाशाचा मोबाईल नंबर आपण तिकिटावर घेताच. परतावा निघाला की त्याही नंबरवर संदेश पाठवा: किती रक्कम, कोणत्या तारखेला, शेवटचे चार आकडे अमुक असलेल्या खात्यावर. मधल्या माणसाला पैसे दाबायची इच्छा असली तरी वाव राहणार नाही, आणि माझ्यासारख्यावर विनाकारण संशयही यायचा नाही.

तर मागणी अशी आहे. तिकीट रद्द झाल्यावर एकच संदेश न पाठवता परतावा पुढे सरकेल तसा संदेश पाठवा. पहिला, रद्द झाल्याचा, त्यात वजावट धरून नेमकी रक्कम आणि पासबुकात दिसणारं नाव. दुसरा, पेमेंट कंपनीने परतावा फाईलमध्ये चढवल्याचा किंवा यूपीआयने पाठवल्याचा, त्यात क्रमांक. उदाहरणार्थ असा:

‘गेवराई–पुणे तिकीट रद्द. परतावा ८१० रुपये ७ नोव्हेंबरला कार्डावर पाठवला. परतावा क्रमांक (एआरएन) अमुक. १३ नोव्हेंबरपर्यंत न आल्यास हा क्रमांक आपल्या बँकेच्या कार्ड विभागाला द्या.’

यात ‘५ ते ७’ नाही, एक तारीख आहे. ती मोजायला ग्राहकाला सुट्ट्या माहीत असण्याची गरज नाही. ती आपण मोजा, आपल्याकडे यादी असते. रक्कम रांगेत थांबली असेल तर तेही लिहा: ‘परतावा मंजूर, निधीअभावी पाठवलेला नाही.’ हे लिहिणं अवघड जाईल, पण खरं असेल तर लिहिलंच पाहिजे, कारण अशा वेळी ग्राहक बँकेच्या दारात उगाच उभा असतो.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. एआरएन आणि परताव्याचा आरआरएन पेमेंट कंपनीच्या नोंदींत येतोच, आणि बस कंपनीला जाणाऱ्या अहवालात तो घालता येतो. मी त्या नोंदी वर्षानुवर्षं उघडल्या आहेत, त्यांतला तो रकाना मला पाठ आहे. त्या रकान्यातला आकडा उचलून संदेशात घालायचा, एवढंच काम आहे. एसटी महामंडळ सरकारी आहे, त्यांनी हे आधी करावं. खासगी कंपन्यांना मग ‘होत नाही’ म्हणायला जागा उरणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना वेगळं मागणं आहे. २०१९च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांना दिवस आणि दंड दोन्ही दिले, आणि त्याचा फरक आम्हाला दुकानात बसून दिसला. यशस्वी व्यवहारानंतर रद्द झालेल्या तिकिटाला तसं काही नाही. कंपनी पैसे द्यायला किती दिवस लावेल हा तिचा आणि ग्राहकाचा करार असेल, मान्य आहे. पण एकदा तिने परतावा मंजूर केला की तो पेमेंट कंपनीकडून ग्राहकाच्या खात्यापर्यंत किती दिवसांत पोहोचावा, हे आपण ठरवू शकता, कारण तो सगळा रस्ता आपल्या देखरेखीखालच्या संस्थांचा आहे. आणि परताव्याचा क्रमांक ग्राहकाला देणं बंधनकारक करू शकता. त्या क्रमांकाशिवाय ग्राहकाची तक्रार कुठेच उभी राहत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं, हे मी लोकांना सांगतो. पण त्याआधी चूक बँकेची आहे की पेमेंट कंपनीच्या बाजूची, हे तर कळायला हवं ना.

कार्डाच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. ग्राहक आपल्या बँकेकडे ‘तिकीट रद्द झालं, परतावा मिळाला नाही’ असा वाद नोंदवू शकतो, आणि बँक तो जाळ्यामार्फत बस कंपनीच्या बँकेकडे नेते. त्यालाही मुदत असते आणि रद्द केल्याची पावती लागते. बऱ्याच ॲपवर ती पावती काही आठवड्यांनी दिसेनाशी होते. ती निदान वर्षभर राहू द्या. तोवर माझ्याकडे रद्द होणाऱ्या प्रत्येक तिकिटाचा मी स्क्रीनशॉट काढून ठेवतोय, आणि वहीत चार रकाने आखलेत: रद्द केल्याची तारीख, रक्कम, परताव्याचा क्रमांक, जमा झाल्याची तारीख. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो भरून देणं आपल्या हातात आहे.

येत्या दिवाळीचं आगाऊ आरक्षण सुरू होण्याआधी एवढं व्हावं, ही विनंती.

आपला,
एक तिकीट सेवा केंद्रचालक
तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड